गेमपॅडचा दिवा लागतो, पण गेममध्ये काहीच हलत नाही: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

माझा भाचा गेमपॅडला ‘रिमोट’ म्हणतो. त्याच्या सोसायटीतली सगळीच पोरं तसं म्हणतात. मागच्या दिवाळीत घेतलेला पॅड लॅपटॉपला लावून त्याने मला फोन केला, “मामा, रिमोटचा लाइट लागलाय, पण गाडी हलत नाही.” फोनवर अर्धा तास, मग संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आणखी दोन तास गेले. पॅडमध्ये बिघाड नव्हता. एकामागे एक तीन छोट्या भानगडी होत्या आणि आम्ही त्या उलट्या क्रमाने शोधत बसलो. आधी गेम काढून पुन्हा टाकला, मग ड्रायव्हरच्या मागे लागलो, आणि केबलकडे शेवटी पाहिलं.

‘पॅड डिटेक्ट होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. संगणकापर्यंत पॅडचा निरोपच पोचत नसेल. निरोप पोचला, पण विंडोजने त्याला गेमपॅड म्हणून घेतलं नसेल. किंवा विंडोजला सगळं कळतंय, पण गेमला हवी ती भाषा पॅड बोलत नसेल. खालचा क्रम याच तीन टप्प्यांचा आहे. विंडोज १० किंवा ११ धरून लिहितोय. मधली पायरी गाळू नका. आमचे दोन तास तसेच गेले.

## हाताशी काय लागेल

- पॅड आणि त्याच्या खोक्यातली मूळ केबल. ती हरवली असेल तर जिच्यातून मोबाइलचे फोटो संगणकावर उतरवले आहेत अशी केबल.
- वायरलेस पॅड असेल तर त्याचा छोटा यूएसबी रिसीव्हर, ज्याला दुकानात डोंगल म्हणतात.
- खोक्यातला घडीचा कागद. मोड, म्हणजे पॅडची संगणकाशी बोलायची पद्धत, बदलायची बटणं त्यावरच असतात. फेकला असेल तर विक्रीच्या पानावरच्या फोटोंमध्ये बहुतेक वेळा सापडतो.
- नवं सॉफ्टवेअर काहीही नको. ‘गेमपॅड ड्रायव्हर’ म्हणून कुठल्याशा साइटवर मिळणारी फाइल तर अजिबात उतरवू नका.

## १. आधी केबल

पॅडचा दिवा लागला म्हणजे त्याला वीज मिळाली, एवढंच. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. पॉवर बँक, ट्रिमर, स्वस्त ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलवर पॅड झकास चार्ज होतो आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

ओळखायचं कसं? स्पीकरचा आवाज चालू ठेवा आणि केबल लावा. यूएसबी वस्तू जोडली की विंडोज छोटा आवाज करतं, काढली की दुसरा. दोन्ही वेळा शांतता असेल तर केबल बदला. भाच्याच्या घरी असंच झालं होतं. त्याची मूळ केबल आजोबांच्या मोबाइलला गेली होती आणि पॅडला लागली होती पॉवर बँकेची. केबल बदलताच आवाज आला. लढाईचा पहिला भाग संपला.

वायरलेस पॅडच्या डोंगलबाबत एक वेगळी खोच आहे. डोंगल लावला की आवाज येतो, पण तो डोंगल ओळखल्याचा असतो. पॅड डोंगलशी जोडला गेलाय की नाही हे पॅडवरच्या दिव्यावरून कळतं. दिवा लुकलुकत राहिला तर तो अजून शोधतोय, स्थिर झाला तर जोडला गेलाय. डोंगल लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, तिथेच शेजारी पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क, आणि पॅड मधूनच तुटतोय, असं असेल तर डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा. यूएसबी ३ च्या गोंगाटाचा त्रास २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला होतो. वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब नेला तरी फरक पडतो.

## २. विंडोजला विचारा, गेमला नव्हे

आवाज आला म्हणून लगेच गेम उघडू नका. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि R एकदम दाबा, आणि येणाऱ्या चौकटीत हे टाइप करा:

```
joy.cpl
```

एक जुनाट दिसणारी छोटी खिडकी उघडेल. तिच्यात गेमपॅडची यादी असते. तुमचा पॅड यादीत असेल तर तो निवडून Properties दाबा. बटण दाबलं की त्या आकड्याचा लाल गोल उजळतो, स्टिक हलवली की चौकोनातलं अधिक चिन्ह सरकतं. इथे सगळं हलत असेल तर पॅड धडधाकट आहे, विंडोजही धडधाकट आहे, आणि भांडण गेमशी आहे. तेव्हा थेट तिसऱ्या पायरीवर जा.

यादी रिकामी असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि केबल काढून-लावून बघा की कुठली ओळ येते-जाते. पिवळं चिन्ह असलेली अनोळखी वस्तू दिसली तर ती ओळ Uninstall device करून केबल पुन्हा लावा. तरी तेच, तर दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथेही तेच असेल तर पॅड किंवा त्याचं पोर्ट खरंच गेलंय, आणि दुकानात जायला हरकत नाही.

यादीत नाव आहे पण एकही गोल उजळत नाही, असंही होतं. याचं उत्तर बऱ्याचदा मोडमध्ये असतं. निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्राचा प्रो कंट्रोलर केबलने लावला तर तो आधी पलीकडच्या यंत्राशी एक ठरावीक देवाणघेवाण होण्याची वाट पाहतो. ती झाल्याशिवाय तो बटणांची खबर देतच नाही. विंडोज आपण होऊन ती करत नाही. स्टीमसारखा गेम विकत घ्यायचा-चालवायचा प्रोग्राम करतो. म्हणून नाव दिसतं, पण हालचाल शून्य.

## ३. मोड म्हणजे पॅडने सांगितलेली ओळख

हा भाग नीट समजला की बाकीचं आपसूक जमतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू आधी आपली ओळख सांगते: बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, आणि आपण कुठल्या प्रकारातले. संगणक हे ऐकून ठरवतो की हिच्याशी कुठल्या ड्रायव्हरने बोलायचं. आत तोच प्लास्टिकचा पॅड असतो, पण मोड बदलला की तो वेगळी ओळख सांगतो.

हे डोळ्यांनी पाहायला लॉजिटेकचा एफ३१० सगळ्यात सोपा, कारण त्याच्या पाठीवर X आणि D असा सरकवायचा खटकाच आहे. खटका D वर ठेवून पॅड लावला की वस्तूचा क्रमांक येतो C216. खटका X वर सरकवला की C21D. संगणकाच्या लेखी एक पॅड निघून गेला आणि दुसराच कुणीतरी आला.

D म्हणजे डायरेक्टइनपुट. ही मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत, जॉयस्टिकच्या जमान्यातली. यात पॅड सांगतो, माझ्याकडे इतकी बटणं आहेत आणि इतके अक्ष, म्हणजे हालचालीच्या दिशा, आहेत. कुठलं बटण कशासाठी हे तो सांगत नाही. एफ३१० च्या D मोडमध्ये बटण क्रमांक १ म्हणजे X, २ म्हणजे A, ३ म्हणजे B. दुसऱ्या कंपनीच्या पॅडमध्ये १ म्हणजे भलतंच काही. म्हणून जुन्या गेममध्ये खेळायच्या आधी एकेक बटण नेमून द्यावं लागायचं.

X म्हणजे एक्सइनपुट. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हाची ही पद्धत. इथे सगळं आधीच ठरलेलं आहे: खालचं बटण A, दोन स्टिक, दोन ट्रिगर, दोन कंपनाच्या मोटारी. पॅड कुठल्याही कंपनीचा असो, तो ‘मी एक्सबॉक्सचा पॅड आहे’ असं म्हणतो आणि गेमला काहीही विचारावं लागत नाही. नंतर आलेले बहुतेक विंडोज गेम हेच गृहीत धरतात. त्यातले कित्येक डायरेक्टइनपुटकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणूनच joy.cpl मध्ये पॅड नाचतोय आणि गेममध्ये मात्र ढिम्म, हे दृश्य दिसतं.

तुमचा पॅड आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे ते शोधायची खात्रीची खूण आहे. स्टार्ट मेनूतून पॉवरशेल उघडा आणि हे चालवा:

```
Get-PnpDevice -PresentOnly |
 Where-Object InstanceId -like 'HID\*' |
 Format-List FriendlyName, InstanceId
```

यादी लांब येईल, कारण माऊस आणि कीबोर्डही त्यात असतात. पॅड काढून एकदा आणि लावून एकदा चालवली तर नवी ओळ पटकन सापडते. त्या ओळीत `IG_` अशी अक्षरं असतील तर पॅड एक्सइनपुटमध्ये आहे. नसतील तर तो एक्सइनपुटमध्ये नाही. खोक्यावर काय छापलंय ते बाजूला ठेवा आणि या ओळीवर विश्वास ठेवा.

## ४. ट्रिगर दाबून मोडचा स्वभाव बघा

कमांड नको वाटत असेल तर joy.cpl मध्येही बराच अंदाज येतो. Properties उघडा आणि ट्रिगर, म्हणजे मागची खालची दोन बटणं, हळूहळू दाबा.

एक्सइनपुट मोड: Z Axis ची पट्टी हलते. डावा ट्रिगर दाबला की एका बाजूला, उजवा दाबला की उलट बाजूला. आता दोन्ही पूर्ण दाबा. पट्टी मध्यावर येऊन उभी राहते, जणू काही दाबलंच नाही! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पॅड खराब आहे असं मला वाटलं होतं. तसं नाही. joy.cpl स्वतः जुन्या पद्धतीनेच पॅडकडे बघतं, आणि जुन्या पद्धतीसाठी मायक्रोसॉफ्टने मुद्दाम दोन्ही ट्रिगर एका अक्षावर बसवले आहेत. जुने गेम धरून चालायचे की हात लावला नाही तर अक्ष मध्यावर असतो. मोकळा ट्रिगर स्वतंत्र अक्षावर एका टोकाला पडून राहिला असता, तर त्या गेमला कुणीतरी सतत दाबून ठेवलंय असं वाटलं असतं. एक्सइनपुट समजणाऱ्या गेमला मात्र दोन्ही ट्रिगर वेगवेगळे मिळतात, प्रत्येकी ० ते २५५.

डायरेक्टइनपुट मोड: पॅडप्रमाणे बदलतं. एफ३१० मध्ये ट्रिगर नुसती ७ आणि ८ क्रमांकाची बटणं होतात. अर्धा दाबला काय, पूर्ण दाबला काय, गोल उजळतो किंवा उजळत नाही.

स्विच मोड: इथेही ट्रिगर नुसतं चालू-बंद, कारण निन्टेन्डोच्या मूळ पॅडचे ट्रिगर तसेच आहेत. गाड्यांच्या गेममध्ये ॲक्सिलरेटर एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. शिवाय निन्टेन्डोच्या मांडणीत A उजवीकडे आणि B खाली असतो, एक्सबॉक्सच्या उलट. मेनूत ‘ओके’ दाबलं की ‘मागे’ जातंय, असं झालं तर पॅड या मोडमध्ये असण्याचा दाट संशय घ्या.

अँड्रॉइड मोड: मोबाइलसाठी, आणि बहुतेक वेळा ब्लूटूथवर. लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत पॅड दिसतो, ‘Connected’ असंही येतं, joy.cpl मध्येही हलतो. पण `IG_` नसतं. आमची दुसरी भानगड हीच होती. केबलच्या भानगडीआधी भाच्याने पॅड ब्लूटूथने जोडून पाहिला होता, आणि ‘जोडलाय तर चालत का नाही’ यावर तो अडून बसला होता. अनेक स्वस्त पॅडमध्ये एक्सइनपुट फक्त केबलवर किंवा डोंगलवर मिळतं, ब्लूटूथवर मिळत नाही. कागदावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं.

जुना एक्सबॉक्स वन पॅड ओएलएक्सवरून घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २०१६ च्या आधीच्या पॅडमध्ये ब्लूटूथच नाही. वरच्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक पुढच्या भागाशी अखंड असेल तर ब्लूटूथ आहे. तेवढाच तुकडा वेगळा, वरच्या पट्टीचा भाग असेल तर नाही. अशा पॅडला केबल किंवा मायक्रोसॉफ्टचा वेगळा वायरलेस अडॅप्टर लागतो.

## ५. मोड बदलायचा कसा

एकच नियम नाही, आणि गोंधळ इथेच होतो. साधारण तीन तऱ्हा आहेत.

खटक्याचे पॅड सगळ्यात सोपे. दुसरी तऱ्हा म्हणजे पॅड चालू करताना एक अक्षर दाबून ठेवायचं. एटबिटडोच्या एसएन३० प्रोमध्ये Start सोबत X दाबून चालू केला तर एक्सइनपुट, B सोबत डायरेक्टइनपुट, Y सोबत स्विच. तिसरी तऱ्हा स्वस्त पॅडची: पॅड लावलेला असताना मधलं Home किंवा Mode बटण काही सेकंद दाबून ठेवायचं. दिव्यांची मांडणी बदलते आणि पॅड पुढच्या मोडमध्ये जातो. भाच्याच्या पॅडला पाच सेकंद लागले. सोडताच लॅपटॉपने आधी ‘काढल्याचा’ आणि मग ‘लावल्याचा’ आवाज केला. हे दोन आवाज लागोपाठ आले की मोड बदलला असं समजा, कारण जुनी ओळख गेली आणि नवी आली. आवाज आले नाहीत तर पुरेसा वेळ दाबलं गेलं नाही.

दोन सापळे. एफ३१० च्या पुढच्या बाजूला Mode लिहिलेलं बटण आहे, पण त्याचा X आणि D शी काही संबंध नाही. ते डावी स्टिक आणि डी-पॅड, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशांचं बटण, यांची अदलाबदल करतं आणि शेजारचा दिवा लावतं. चुकून दाबलं गेलं की लोक ‘स्टिक गेली’ म्हणून पॅड परत करायला निघतात. दुसरा सापळा, गेम चालू असताना मोड बदलणं. कित्येक गेम सुरू होतानाच पॅड शोधतात. मोड बदलल्यावर गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

## ६. एक्सइनपुट आहे, तरी गेम ऐकत नाही

आता फक्त गेमच्या बाजूचं उरलं. पॅडमध्ये एक्सइनपुट मोड असेल तर तोच ठेवा आणि इथे तीन गोष्टी तपासा.

पहिली, स्टीम. स्टीमला स्वतःची दुभाषेगिरी करता येते. कुठलाही पॅड घेऊन तो गेमला ‘हा एक्सबॉक्सचा पॅड’ असं सांगतो. ज्यांच्या पॅडमध्ये फक्त डायरेक्टइनपुट आहे त्यांना ही मोठी सोय. Settings मध्ये Controller उघडा, तुमच्या प्रकारच्या पॅडसाठी Steam Input चालू करा आणि बटणं नेमून द्या. मात्र ही दुभाषेगिरी स्टीममधून उघडलेल्या गेमपुरतीच धरा.

दुसरी, दुहेरी दाब. मेनूत एकदा खाली दाबलं की दोन घरं खाली जातंय? गेमला खरा पॅड आणि दुभाष्याने उभा केलेला आभासी पॅड असे दोन्ही दिसताहेत. आमची तिसरी भानगड हीच होती. मोड बदलायच्या आधी भाच्याने मित्राच्या सांगण्यावरून पॅडची ओळख बदलणारा एक प्रोग्राम टाकला होता, आणि तो मागे चालूच होता. दुभाषी एकच ठेवा. पॅड आधीच एक्सइनपुटमध्ये असेल तर एकही नको. स्टीममध्ये त्या गेमवर राइट क्लिक करून Properties, मग Controller, आणि तिथे Disable Steam Input.

तिसरी, जागा. एक्सइनपुटमध्ये चारच पॅडना जागा आहे. काही गेम फक्त पहिल्या जागेकडे बघतात. ती जागा एखाद्या आभासी पॅडने किंवा लावून विसरलेल्या दुसऱ्या डोंगलने अडवली असेल, तर तुमचा पॅड दुसरा खेळाडू ठरतो आणि एकट्याच्या गेममध्ये त्याला काम नसतं. सगळं काढा, असे प्रोग्राम बंद करा, आणि मग एकटा पॅड लावा.

ब्राउझरमधल्या गेमबद्दल एवढंच: पान उघडल्यावर पॅडवरचं एखादं बटण दाबल्याशिवाय क्रोम किंवा फायरफॉक्स त्या पानाला पॅड असल्याचं सांगतच नाहीत. ते मुद्दाम तसं आहे. आधी बटण दाबा, मग ‘दिसत नाही’ म्हणा.

## ७. कुणाला विचारायचं असेल तर

एवढं करूनही अडलं तर विचारताना चार गोष्टी सांगा: पॅडचं मॉडेल, जोडणी केबलने आहे की डोंगलने की ब्लूटूथने, joy.cpl मध्ये गोल उजळतात का, आणि पॉवरशेलमधली ती `InstanceId` ची पूर्ण ओळ. ओळ हाताने उतरवू नका, कॉपी करा. त्यातले आकडे-अक्षरं चुकतात. ‘डिटेक्ट होत नाही’ एवढंच लिहिलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, “केबल बदलून पाहिली का?” आणि पहिला दिवस त्यातच जातो.

भाच्याच्या पॅडची ओळ मी त्याच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवली आहे. खाली लिहिलंय: ‘Home ५ सेकंद’. मूळ केबल पुन्हा आजोबांकडे गेली आहे.